दोन वाजताचा पेपर साडेअकराला: दोह्याच्या केंद्रावरून दिलेल्या सीए इंटरचे प्रकरण

माझ्या फोनवर २०२४ च्या एप्रिलअखेरीस एक नोंद आली: ३ मे, शुक्रवार, 'पेपर १', दुपारी ४:३० ते ७:३०. नोंद पाठवली होती भावजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, दोह्याहून. घरातल्या सगळ्यांना लेकीच्या परीक्षेचे वेळापत्रक दिसावे म्हणून त्यांनी कुटुंबाच्या कॅलेंडरात सहाही पेपर भरले होते. मी डांडिया बाजारातल्या ऑफिसात चहा घेत बसलो होतो. सीए इंटरचा पेपर साडेचारला सुरू होत नाही, हे मला झोपेतही सांगता येईल. भावजींना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, मी तर दोनच टाकलेत. माझ्याकडे दोनच दिसतंय."

दोघेही खरे बोलत होतो आणि घोटाळा नेमका त्यातच होता. भाचीचा पेपर ना दोह्याच्या दोन वाजता होता, ना बडोद्याच्या साडेचारला. तो होता दोह्याच्या सकाळी साडेअकराला.

आमच्याकडे आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्यासाठीच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, येणाऱ्या मुलांपैकी काहींचे आईवडील आखातात असतात. परदेशातले केंद्र घेऊ का, असे दर वर्षी एखादे घर विचारतेच. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतो आहे.

केंद्र कसे ठरले

भावजींचे गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते आणि ताई फेब्रुवारीतच दोह्याला गेली होती. भाचीने मे २०२४ साठी दोन्ही ग्रुपचा फॉर्म भरला आणि शहर निवडताना बडोद्याऐवजी दोहा घेतले. आयसीएआयची, म्हणजे सीएची परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, परदेशात मोजकीच केंद्रे असतात. तेव्हा अबुधाबी, दुबई, मस्कत, दोहा, बहारीन, कुवेत आणि आपल्या शेजारची काठमांडू नि थिंपू अशी आठ शहरे होती. फीमध्ये मात्र जमीनअस्मानाचा फरक. भारतातल्या केंद्रासाठी दोन्ही ग्रुपची फी २,७०० रुपये, काठमांडू-थिंपूला ३,४०० रुपये आणि आखातातल्या केंद्रासाठी ५०० डॉलर. भावजी म्हणाले, विमानाने दोनदा ये-जा करण्यापेक्षा आणि पोरगी एकटी बडोद्यात राहण्यापेक्षा हे बरे. मला ते पटले, पण पाचशे डॉलर ऐकून दोन मिनिटे गप्प बसलो, हेही खरे.

फॉर्म भरताना तिने परीक्षेची मूळ सूचना डाउनलोड केली होती. त्या सूचनेत वेळेचा एक परिच्छेद असतो आणि भारतात बसणारे विद्यार्थी तो कधीच वाचत नाहीत. परीक्षा भारतीय प्रमाणवेळेनुसार दुपारी दोनला सुरू होईल आणि परदेशातल्या केंद्रांवर त्याच क्षणी तिथल्या घड्याळात जी वेळ असेल तीच सुरुवातीची वेळ, असा त्याचा मथितार्थ. पुढे शहरे आणि वेळा दिलेल्या असतात. अबुधाबी, दुबई आणि मस्कत इथे १२:३०. बहारीन, दोहा आणि कुवेत इथे ११:३०. काठमांडूला २:१५ आणि थिंपूला २:३०.

भाचीने हा परिच्छेद वाचला होता आणि पिवळ्या रंगाने रंगवलाही होता. पण घरात वेळापत्रक पसरले ते या सूचनेवरून नाही. क्लासने व्हॉट्सअपवर एक रंगीत चित्र टाकले होते, 'दुपारी २ ते ५' असे मोठ्या अक्षरात. क्लासची चूक म्हणता येणार नाही, त्यांची नव्याण्णव टक्के मुले भारतातच बसतात. ते चित्र ताईकडे गेले, ताईने भावजींना दाखवले आणि भावजींनी दोह्यात बसून फोनमध्ये दोन टाकले. त्यातच मस्कतहून परीक्षा देणाऱ्या भाचीच्या मैत्रिणीने ताईला सांगितले, "काकू, आखातात साडेबाराला असतो." मस्कतपुरते ते बरोबर होते. मस्कत-दुबई आपल्या दीड तास मागे, दोहा-कुवेत-बहारीन अडीच तास मागे. 'आखाती वेळ' नावाची एकच वेळ नाही, एवढी साधी गोष्ट लक्षात न आल्याने एका घरात एका पेपरच्या तीन वेळा फिरत होत्या: साडेअकरा, साडेबारा आणि दोन.

तिथले दोन का चालत नाहीत

भावजींचा प्रश्न साधा होता. प्रत्येकाने आपापल्या घड्याळात दोन वाजता बसायला काय हरकत आहे? दोह्याच्या परीक्षार्थीला सकाळी अभ्यासाला वेळ मिळेल, जेवूनखाऊन जाता येईल.

त्यांना कागदावर मांडून दाखवले. दोह्यात दोन वाजतात तेव्हा बडोद्यात साडेचार झालेले असतात. तीन तासांच्या पेपरचे अडीच तास संपलेले. बडोद्यात कोणी चार वाजता उत्तरपत्रिका देऊन बाहेर पडला, रिक्षात बसला आणि दोह्यातल्या चुलतभावाला फोन केला, तर त्या चुलतभावाला पेपर सुरू व्हायच्या अर्धा तास आधी कोणत्या धड्यावर काय आले ते कळेल. प्रश्नपत्रिका बाहेर न्यायची बंदी असली तरी डोक्यातले कोण काढून घेणार? उलट दिशेनेही तीच भीती. थिंपू आपल्या अर्धा तास पुढे आहे. तिथे स्थानिक दोनला पेपर सुरू केला, तर तो बडोद्याच्या दीड वाजता सुरू होईल. आपल्याकडची मुले तेव्हा फाटकाबाहेर वह्या चाळत असतात.

एकाच छापील प्रश्नपत्रिकेवरची परीक्षा अनेक देशांत घ्यायची तर मुळात एकच अट पाळावी लागते. कुठल्याही केंद्रावरून पहिला माणूस बाहेर पडण्याआधी सगळ्या केंद्रांवरचा शेवटचा माणूस आत बसलेला असला पाहिजे. उशिरा येणाऱ्याला किती वाजेपर्यंत आत घ्यायचे आणि पेपर लिहून झाला तरी किती वाजेपर्यंत बाहेर सोडायचे नाही, हे दोन नियम एकाच कुलपाचे दोन दात आहेत. वाटेत वाहतुकीत अडकलेल्या मुलाला पाच मिनिटांसाठी परत पाठवतात तेव्हा आपल्याला पर्यवेक्षक निर्दय वाटतो. पण त्याने बडोद्यात पाच मिनिटे सोडली, तर ती आठही परदेशी शहरांत सोडल्यासारखी होतात.

म्हणूनच काठमांडूसाठी सव्वादोन. नेपाळची वेळ आपल्या फक्त पाव तास पुढे आहे आणि पाव तासाने काय बिघडते, असे वाटू शकते. पण सीए इंटरच्या पेपरला सुरुवातीच्या आधी पंधरा मिनिटे वाचनवेळ असते: पावणेदोनला प्रश्नपत्रिका हातात, दोनला लिहायला सुरुवात. काठमांडूने स्थानिक दोनला लिहायला सुरुवात केली असती, तर आपल्याकडे कागद वाटले जात असताना तिथले विद्यार्थी पहिले उत्तर लिहीत असते.

सगळ्याच परीक्षा असे करत नाहीत. केंब्रिज इंटरनॅशनलच्या शालेय परीक्षांचे जाळे एवढे पसरलेले आहे की सगळ्यांना एकाच क्षणी बसवणे अशक्य, कुणाची तरी मध्यरात्र होईल. ते प्रत्येक विभागासाठी एक 'की टाइम' ठरवतात. शाळा पेपर थोडा आधी किंवा नंतर घेऊ शकते, पण त्या ठरलेल्या वेळी प्रत्येक विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेखाली, फोनशिवाय असलाच पाहिजे. पेपर आधी झाला असेल तर मुले त्या वेळेपर्यंत कोंडलेली आणि नंतर असेल तर त्या वेळेपासून कोंडलेली. अमेरिकेची सॅट परीक्षा आता संगणकावर असते आणि स्थानिक सकाळी होते. प्रत्येकाला वेगळे प्रश्न मिळतात, त्यामुळे तिथे एका क्षणाची सक्ती उरत नाही. पण छापील कागद एकच असेल तर घड्याळही एकच. आपली वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा तशीच. २०२४ मध्ये ती ५ मे रोजी भारतीय वेळेने दोनला सुरू झाली आणि फाटक दीडला बंद झाले. दोह्यात त्याचा अर्थ अकराला फाटक बंद, सिंगापूरला दुपारी चारला आणि लागोसला सकाळी नऊला.

तारखा हलल्या तेव्हा

घड्याळापेक्षा आम्हाला जास्त महागात पडले ते तारखांचे प्रकरण.

मूळ वेळापत्रकात इंटरचा पहिला ग्रुप ३, ५ आणि ७ मे, दुसरा ग्रुप ९, ११ आणि १३ मे असा होता. दोन पेपरांमध्ये एकेक दिवस. भावजींनी फेब्रुवारीत, तिकिटे स्वस्त आहेत म्हणून, अहमदाबाद-दोहा परतीचे तिकीट काढून टाकले. परत यायचे १४ मेला. मी तेव्हा म्हणालो होतो की यंदा निवडणुकीचे वर्ष आहे, जरा थांबा. पण माझे ऐकले गेले नाही आणि मीही फार ताणले नाही.

१६ मार्चला निवडणूक आयोगाने लोकसभेचा कार्यक्रम जाहीर केला. गुजरातचे मतदान ७ मेला, आणि पुढच्या टप्प्याचे मतदान १३ मेला. दोन्ही दिवशी इंटरचा पेपर होता. परीक्षेची केंद्रे शाळांत, मतदानाची केंद्रेही शाळांत, आणि शिक्षकांना निवडणुकीची ड्यूटी. १९ मार्चला आयसीएआयने सुधारित वेळापत्रक काढले. इंटरचा पहिला ग्रुप ३, ५ आणि ९ मे. दुसरा ११, १५ आणि १७ मे. फायनलच्या तारखाही सरकल्या, ६ मेचा पेपर ८ वर गेला. आधीचे आणि सुधारित वेळापत्रक शेजारी ठेवले की दिसते, नुसते मतदानाचे दिवस वगळलेले नाहीत. ६-७ आणि १२-१३ अशा दोन्ही जोड्या रिकाम्या सोडल्या आहेत. मतदानाच्या आदल्या दिवशीच यंत्रे घेऊन कर्मचारी शाळेत मुक्कामाला येतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही शाळेच्या शिपायाला माहीत असते.

दोह्यात ७ मेला मतदान नव्हते. तिथली शाळा मोकळी होती, पर्यवेक्षक मोकळे होते, भाचीही मोकळी होती. तरी तिचा पेपर हलला, कारण कागद एकच. रावपुऱ्यातल्या शाळेत मतदानयंत्र ठेवायचे म्हणून दोह्यातला पेपर दोन दिवस पुढे गेला. आणि ज्या मतदानासाठी तो हलला त्या मतदानाला ती बडोद्यात नव्हतीच. पहिल्यांदा नाव लागले होते यादीत, पण परदेशी असलेल्याला इथे येऊनच मत द्यावे लागते. त्याचे तिला वाईट वाटले.

याच्या उलट मात्र होत नाही, हे आखातात राहणाऱ्यांनी नीट समजून घ्यावे. केंद्र सरकारने, राज्याने किंवा स्थानिक संस्थेने परीक्षेच्या एखाद्या दिवशी सुट्टी जाहीर केली तरी वेळापत्रक बदलणार नाही, असे सूचनेतच लिहिलेले असते. म्हणजे तारीख हलते ती फक्त आयसीएआयच्या नव्या सूचनेने. कतारमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, पण भाचीचे पहिला आणि शेवटचा हे दोन्ही पेपर शुक्रवारी आले. ११ मेचा शनिवारी. तिकडच्या आठवड्याची दखल वेळापत्रक घेत नाही.

सुधारित वेळापत्रकात एक छुपा सापळा होता आणि त्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ७ आणि १३ या तारखा रिकाम्या झाल्या, ते सगळ्यांना दिसते. पण ९ मे आणि ११ मे या तारखा जुन्या वेळापत्रकातही होत्या आणि नव्यातही आहेत. फक्त पेपर वेगळे आहेत. जुन्यात ९ मेला चौथा पेपर, कॉस्टिंग. नव्यात ९ मेला तिसरा, टॅक्सेशन. जुन्यात ११ मेला ऑडिटिंग, नव्यात कॉस्टिंग. ज्याने फोनमधल्या जुन्या नोंदींपैकी फक्त ७ आणि १३ च्या खोडल्या आणि नव्या तारखा तेवढ्या वाढवल्या, त्याच्याकडे ९ मेला एकाच वेळी दोन पेपर दिसतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे एकच, पण चुकीचा. भाचीच्या वहीत नेमके हेच झाले होते. तिने अभ्यासाचा तक्ता हाताने दुरुस्त केला होता, ७ वर काट मारून बाजूला ९ लिहिले होते आणि खाली ९ समोर 'कॉस्टिंग' तसेच राहिले होते. मी तिला सांगितले, तो कागद फाडून टाक आणि नव्या सूचनेवरून कोऱ्या पानावर लिही. दुरुस्त केलेल्या वेळापत्रकावर विश्वास ठेवू नये, मग दुरुस्ती आपली स्वतःची का असेना.

परतीचे तिकीट १४ मेवरून १७ च्या रात्रीवर नेले. बदलाचा दंड आणि भाड्यातला फरक मिळून चौदा हजारांना बसले. १७ चा पेपर दोह्यात अडीचला संपतो, रात्री आठचे विमान आरामात मिळते आणि ते अहमदाबादला उतरते १८ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास. माझ्या मुलाने १८ च्या रात्रीसाठी गाडी सांगून ठेवली होती. ती १७ ची करायला लावली. बडोद्याहून अहमदाबादचा विमानतळ दोन तासांवर, म्हणजे घरून निघायचे १७ च्या रात्री साडेअकराला. तारीख ओलांडणारे विमान असले की गाडीवाल्याला तारीख सांगून भागत नाही. 'शुक्रवारची रात्र' असे सांगावे लागते.

एप्रिलमध्ये पुन्हा वावटळ उठली. परीक्षा जूनमध्ये घ्यावी म्हणून काही विद्यार्थी कोर्टात गेले होते आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. व्हॉट्सअप ग्रुपवर रोज कोणीतरी 'आता नक्की पुढे जाणार' म्हणत होते. भाची तोवर दोह्यात पोचली होती. तिकीट अजून एकदा बदलू का, असे भावजी विचारत होते. मी म्हटले, आयसीएआयच्या साइटवर नवी सूचना येत नाही तोवर जुनीच खरी. सूचना खरी की खोटी हे बघायचे असेल तर तिच्यात आधीच्या सूचनेचा क्रमांक आणि तारीख दिलेली आहे का, ते पाहा. अमुक तारखेच्या अमुक सूचनेत अंशतः बदल करून, अशी तिची सुरुवात असते. ग्रुपवर फिरणाऱ्या चित्राला असा बाप नसतो. २९ एप्रिलला न्यायालयाने याचिका फेटाळली आणि ३ तारीख कायम राहिली.

फोनमधले दोन

आता ती साडेचारची नोंद. माझ्या मुलाने, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती उघडून आत काय आहे ते दाखवले:

```
DTSTART;TZID=Asia/Qatar:20240503T140000
```

भावजींनी कतारमध्ये बसून दोन टाकले, फोनने त्याला कतारचे दोन समजले. माझा फोन बडोद्यात, त्याने ते आपल्या घड्याळात करून साडेचार दाखवले. फोनने कुठेही चूक केली नव्हती, त्याला सांगितलेले त्याने पाळले. नोंद अशी हवी होती:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20240503T140000
```

असे टाकले की बडोद्यात दोन दिसतात आणि दोह्यात आपोआप साडेअकरा. यासाठी कोडिंग यायला नको. कॅलेंडरमध्ये वेळ भरताना 'टाइम झोन'ची ओळ असते, तिथे कोलकाता निवडायचे आणि सूचनेत छापलेली भारतीय वेळच भरायची. स्वतः वजाबाकी करायला जाऊ नये. बडोद्यात असताना कोणी हुशारीने साडेअकरा भरले, तर दोह्यात उतरल्यावर ती नोंद सकाळी नऊ दाखवेल, कारण वजाबाकी दोनदा झाली.

तपासायची सोपी युक्ती आम्हाला अपघातानेच सापडली. भारतात बसलेल्या माणसाने ती नोंद बघायची. त्याला दोन दिसले तर बरोबर. साडेचार दिसले तर कोणीतरी दोह्याचे दोन भरले आहेत, साडेतीन दिसले तर दुबई-मस्कतचे. किती तासांनी चुकले त्यावरून कुठे बसून भरले ते कळते.

गजराची गोष्ट वेगळी. फोनच्या घड्याळातला गजर बदलत नाही. सहाचा लावला की ज्या गावी असाल तिथले सहा. म्हणून उठण्यासाठी गजर आणि पेपरसाठी कॅलेंडर, अशी वाटणी करून दिली.

हे सगळे २८ एप्रिलला उलगडले, म्हणजे पेपरच्या पाच दिवस आधी. पेपर चुकायची वेळ आली नसती, भाचीला स्वतःला साडेअकरा ठाऊक होते. पण दुसरे एक नुकसान होऊन गेले होते. ती दोह्यात आल्यापासून सराव पेपर दुपारी दोन ते पाच सोडवत होती, बडोद्यातली सवय म्हणून आणि बाबांचे वेळापत्रक भिंतीवर होते म्हणून. सकाळी वाचन, एकला जेवण, दोनला पेपर. खरा पेपर मात्र साडेअकरा ते अडीच, अगदी जेवणाच्या वेळेवरून जाणारा. शेवटच्या पाच दिवसांत ताईने घराचे घड्याळच बदलले. नऊला पोटभर थालीपीठ, सव्वाअकराला प्रश्नपत्रिका हातात, अडीचनंतर जेवण. पहिल्या दिवशी एकच्या सुमारास भाचीचे डोके चालेना. तिसऱ्या दिवशी जमले.

पेपरच्या दिवसाचा हिशेब आम्ही उलटा मांडला. साडेअकराला लिहायला सुरुवात, म्हणून सव्वाअकराला वाचनवेळ, म्हणून अकराला जागेवर, म्हणून साडेदहाला केंद्राच्या दारात. अनोळखी इमारतीत खोली शोधायला आणि तपासणीला तेवढा वेळ हवाच. भावजींचा पाय अजून प्लॅस्टरसारखा जड, गाडी चालवणे शक्य नव्हते. शुक्रवारी तिकडे सगळा दिवस उशिरा सुरू होतो. आदल्या शुक्रवारी, २६ तारखेला, बरोबर त्याच वेळी टॅक्सीने केंद्रापर्यंत जाऊन यायला मी आधीच सांगितले होते आणि ती गेली होती. बुधवारी जाऊन पाहिले असते तर शुक्रवारचे काही कळले नसते. टॅक्सी मिळायलाच वीस मिनिटे लागली आणि तीच वीस मिनिटे ३ मेच्या हिशेबात धरली.

३ मेला दुपारी दोनला मी ऑफिसात होतो. समोर आमचे दोन आर्टिकल रजेवर गेलेले, त्यांची टेबले रिकामी. तेही त्याच क्षणी बडोद्यात तोच पेपर उघडत होते. पाचला दोह्याहून फोन आला, तिकडे अडीच वाजले होते. "मामा, अकाउंट्स ठीक गेला. आता मी जेवते, मग बोलते." त्या दोघा पोरांचा फोन आला तेव्हा ते सेव-उसळच्या गाडीवर होते.